छतावरच्या दिव्याची काच उतरवताना: आधी वर उचला, मग फिरवा

छताला चिकटून बसवलेल्या दिव्याची घुमटासारखी काच काढताना बहुतेक जण तिला खाली ओढत ओढत फिरवतात, आणि काम तिथेच बिघडते. काच कोणत्याही पद्धतीने बसवलेली असो, तिचा सगळा भार दोन-तीन लहान आधारांवर असतो. फिरवून बसणाऱ्या काचेत हे आधार म्हणजे खाचेत अडकलेले धातूचे कान असतात, तर स्क्रूच्या काचेत ती स्क्रूची टोके असतात. आपण खाली ओढले की त्याच आधारांवरचा दाब वाढतो आणि ते जास्तच घट्ट होतात. म्हणून पुढच्या प्रत्येक टप्प्यात पहिली हालचाल एकच आहे: काच तळहातांवर घेऊन थोडी वर उचलायची, आधारावरचा भार काढायचा आणि त्यानंतरच ती फिरवायची किंवा स्क्रू सैल करायचा.

हा लेख दोनच प्रकारांपुरता आहे: चावीसारखी थोडी फिरवून बसणारी काच आणि कडेत लपलेल्या स्क्रूंनी धरलेली काच. मधोमध गोल नट दिसत असेल, तर एका हाताने काचेला आधार देऊन तो नट सोडवला की काम झाले. त्यासाठी एवढे वाचण्याची गरज नाही.

### १. तयारी: वर चढण्याआधीची कामे

काम दिवसा, भरपूर उजेडात करावे. हे सांगावे लागते, कारण रात्री काम काढले की नीट दिसावे म्हणून तोच दिवा चालू ठेवण्याचा मोह होतो. काच निघाल्यावर होल्डर उघडा पडतो आणि बल्ब चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो, त्यामुळे दिवा बंद असणे अपरिहार्य आहे. केवळ भिंतीवरचे बटण बंद करून थांबू नये. वायरिंग करताना फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झाली असेल, तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहते. त्यामुळे त्या खोलीचा एमसीबी खाली करावा, बटण दोन-तीनदा दाबून दिवा लागत नसल्याची खात्री करावी आणि घरातल्या कोणी एमसीबी पुन्हा वर करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. बटण मात्र शेवटी बंद स्थितीतच सोडावे.

दिवा नुकताच बंद केला असेल, तर पंधरा-वीस मिनिटे थांबावे. जुन्या तारेच्या किंवा हॅलोजनच्या बल्बमुळे काच आणि तिची धातूची कड दोन्ही चांगलीच तापतात. हाताला चटका बसला की माणूस दचकून हात मागे घेतो, आणि काच पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे.

शिडी दिव्याच्या बरोबर खाली लावू नये. ती थोडी मागे लावावी, म्हणजे दिवा आपल्या चेहऱ्याच्या किंचित पुढे आणि कपाळाच्या उंचीला येईल. डोक्याच्या वर हात ताणून केलेल्या कामात बोटांना स्पर्श नीट कळत नाही, आणि इथे सगळे काम स्पर्शावर चालते. शिवाय काच सुटताच आत साठलेली धूळ आणि मेलेले किडे खाली येतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा. दोन्ही हात मोकळे राहतील अशी सपाट पायरीची घोडा-शिडी उत्तम. खुर्चीवर उशी, त्यावर स्टूल असले मनोरे रचू नयेत.

जवळ ठेवायच्या वस्तू थोड्याच आहेत: तळव्यावर रबराचे ठिपके असलेले हातमोजे (साधे सुती मोजे काचेवरून घसरतात), आखूड दांड्याचा स्क्रूड्रायव्हर, अॅलन कीचा लहान संच, धारदार कटर, रंगकामाची कागदी चिकटपट्टी, टॉर्च असलेला फोन आणि खाली अंथरायला जाड सतरंजी किंवा गादी. काच हातात घ्यायला दुसरे माणूस असेल तर उत्तम. नसेल, तर शिडीच्या वरच्या पायरीवर काच ठेवता येईल का, हे आधीच बघून घ्यावे. काच हातात आल्यावर हा विचार करण्याची वेळ नसते.

इशारा: काचेला तडा दिसत असेल, तर उतरवण्याआधी तिच्यावर आडव्या-उभ्या चिकटपट्ट्या लावाव्यात, म्हणजे तुटली तरी तुकडे विखुरणार नाहीत. तडा कडेपासून निघून घुमटाच्या मध्यापर्यंत गेला असेल, तर ती काच फिरवायला जाऊ नये.

### २. काच कशाने धरली आहे ते ओळखणे

या टप्प्याला लोक एक मिनिटही देत नाहीत आणि मग अर्धा तास झटापट करतात. वर चढल्यावर लगेच जोर न लावता पुढील चार गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

प्रथम फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ सुरू करावा आणि फोन छताजवळ आडवा धरून दिव्याच्या कडेभोवती एक पूर्ण फेरी सावकाश मारावी. कडेची छताकडची बाजू खालून कधीच दिसत नाही, आणि लपवलेले स्क्रू बहुधा तिथेच असतात. खाली उतरून तो व्हिडिओ मोठा करून पाहावा. तीन सारख्या अंतरावर स्क्रूची डोकी, कडेत बारीक गोल छिद्र, बाणाची खूण किंवा एखादी खाच, यांपैकी काहीतरी सापडतेच.

दुसरे, नखाने कडेवर एक फेरी मारावी. रंगाच्या थराखाली दडलेले छिद्र डोळ्याला दिसत नाही, पण नख तिथे अडते.

तिसरे, चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. एक उभी पट्टी अशी लावावी की ती काच, धातूची कडी आणि छताला लागलेली बैठक या तिन्हींवरून जाईल. मग कटरने ती दोन्ही सांध्यांवर कापावी. आता काही फिरले, तर नेमके काय फिरले ते पट्टीचे तुकडे सरकल्यावरून लगेच कळेल. हीच खूण काच परत बसवताना कामी येते, म्हणून काम पूर्ण होईपर्यंत ती काढू नये.

चौथे, दोन्ही तळहात काचेखाली पसरून ती हलकेच वर दाबावी आणि सोडावी. दोन-तीन मिलिमीटर वर जाऊन ती आपोआप परत आली, तर वर स्प्रिंग किंवा रबराची चकती आहे आणि काच फिरवून निघणारी असण्याची शक्यता मोठी आहे. वर गेली आणि सैल वाजली, तर ती स्क्रूंच्या टोकांवर टेकलेली असू शकते. मुळीच हलली नाही, तर रंगाने किंवा जुन्या रबराने ती चिकटली आहे.

यानंतर काच अगदी अलगद दोन्ही दिशांना फिरवून पाहावी आणि पट्टीकडे लक्ष ठेवावे. काच आणि कडी एकत्र सरकली आणि बैठक जागच्या जागी राहिली, तर कडीच्या कानांवर बसणारी काच आहे. फक्त काच सरकली, कडी नाही, तर काचेच्याच मानेवर उंचवटे आहेत किंवा तिला स्क्रूंनी धरले आहे.

थांबा: तिन्ही तुकडे एकत्र सरकले, म्हणजे बैठकसुद्धा फिरली, तर पुढे फिरवू नये. बैठक छतापासून सैल झाली आहे आणि प्रत्येक फेऱ्यासोबत आतल्या तारांना पीळ बसतो. आधी बैठकीचे स्क्रू घट्ट करून घ्यावेत. तारांना पीळ बसून गेला असेल किंवा बैठक छतापासून खाली लोंबत असेल, तर काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

### ३. फिरवून बसणारी काच उतरवणे

या प्रकारात कडीच्या आतल्या बाजूला सहसा दोन किंवा तीन कान असतात आणि बैठकीत तेवढ्याच खाचा. खाच सरळ नसून वळलेली असते: कान आधी सरळ आत शिरतो, मग बाजूला सरकतो आणि शेवटी छोट्या खळगीत टेकतो. पिनचा बल्ब होल्डरमध्ये घालताना आपण तो आधी दाबतो, मग फिरवतो आणि सोडला की तो किंचित मागे येऊन बसतो. इथेही तेच घडते, फक्त व्यास मोठा आणि वस्तू नाजूक. त्या खळगीतून कान बाहेर यायचा, तर काच आधी वर जायला हवी. खाली ओढत फिरवणाऱ्याचा कान खळगीतच रुतून बसतो.

(क) दोन्ही तळहात काचेच्या कडेजवळ समोरासमोर ठेवावेत, बोटे पसरलेली. घुमटाच्या तळाला पकडून फिरवू नये. तिथे पकड बसत नाही आणि सगळा पीळ काचेच्या पातळ भागावर येतो. धातूची कडी हाती येत असेल, तर काचेऐवजी तिलाच धरावे.

(ख) काच सरळ वर दाबावी. दाब सर्व बाजूंनी सारखा हवा. एका बाजूने दाबल्यास दुसऱ्या बाजूचा कान खळगीत तसाच राहतो.

(ग) तो दाब कायम ठेवून, खालून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने फिरवावे. दिशेबद्दल इथे फार गोंधळ होतो. वर पाहत काम करताना दिशा मनातल्या मनात उलटवायची नसते. आपल्या डोळ्यांना खालून जी उलट दिशा दिसते, तीच घ्यावी. तरीही काही दिव्यांत खाचा दुसऱ्या बाजूने कापलेल्या असतात, म्हणून उलट दिशेला काहीच हालचाल नसेल, तर तेवढ्याच हलक्या हाताने सुलट दिशाही तपासून पाहावी.

(घ) किती फिरवायचे याचा अंदाज आधीच असावा. कानांची काच सहसा पाव फेऱ्याच्या आत सुटते. तीस सेंटीमीटर व्यासाच्या काचेचा घेर सुमारे चौऱ्याण्णव सेंटीमीटर असतो. म्हणजे वीस अंश फिरवले, तर कड जेमतेम पाच सेंटीमीटर सरकते. एवढ्याशा सरकण्यात काच मोकळी होऊ शकते, त्यामुळे पहिल्या सेंटीमीटरपासूनच हात तिचा पूर्ण भार पेलायला तयार हवेत. याउलट पाव फेरा होऊनही काच सुटत नसेल आणि अडतही नसेल, तर तिला बाटलीच्या झाकणासारखे आटे आहेत. मग न ओढता पूर्ण फेरे देत राहावे.

(ङ) कान खाचेच्या तोंडाशी आले की काच किंचित जड वाटू लागते. तो भार हातावर आला म्हणजे वर दिलेला दाब हळूहळू कमी करावा आणि काच सरळ खाली आणावी. तिरपी करू नये; एखादा कान अजून आत असेल, तर काचेची कड धातूवर घासून टवका उडतो.

पडताळणी: काच खाली आल्यावर तिच्या कडेवर बोट न फिरवता डोळ्यांनी टवके पाहावेत. रबरी चकती बैठकीला चिकटून राहिली आहे की काचेसोबत आली, हेही लगेच बघावे, कारण धुताना ती हमखास हरवते.

### ४. फिरत नाही, तेव्हा

जोर वाढवण्याआधी अडणे कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे. काच थोडी फिरून रबरासारखी मऊपणे परत येत असेल, तर ती चिकटली आहे. टक्क असा आवाज होऊन धातूवर धातू आपटल्यासारखी एकाच जागी ठाम थांबत असेल, तर ती कुलूपबंद आहे, म्हणजे कुठेतरी स्क्रू आहे. पहिल्या अडचणीवर खालचे उपाय चालतात. दुसऱ्या अडचणीत त्यांचा काही उपयोग नाही. तिथे सहावा टप्पा पाहावा.

चिकटण्याचे सर्वात मोठे कारण रंग. छत रंगवताना दिवा न काढता ब्रश फिरवला जातो आणि कडी व बैठक यांच्यामधली फट रंगाने बुजते. ती रेषा कटरच्या टोकाने पूर्ण घेरभर कापून घ्यावी. अर्धी कापून फिरवून बघण्याची घाई करू नये, कारण उरलेला भाग एका बाजूला काच धरून ठेवतो आणि पीळ वाकडा बसतो.

न्हाणीघरासारख्या दमट जागी कडीखालची रबरी चकती वर्षानुवर्षे दबून धातूला चिकटते. तिथे केस वाळवायच्या ड्रायरने फक्त धातूच्या कडीभोवती मिनिटभर, सतत फिरवत, हलकी ऊब द्यावी. रबर मऊ पडते आणि धातू काचेपेक्षा जास्त प्रसरण पावत असल्यामुळे पकडही जराशी सैल होते. ड्रायर एका जागी रोखून धरू नये, आणि रंग जाळायची हीट गन तर मुळीच वापरू नये. काचेचा एक भाग तापून बाजूचा थंड राहिला की ती तडकते.

काच गुळगुळीत असल्यामुळे हात घसरत असेल, तर मोज्यांऐवजी झाकण उघडायला वापरतात तशी रबराची पातळ चकती दोन्ही तळव्यांखाली धरावी. तेलाचा फवारा काचेजवळ नको. पकड जाते, आणि तो होल्डरमध्येही शिरतो.

हे करूनही काच पाच-सात मिनिटांत सैल झाली नाही, तर हात खाली घेऊन विश्रांती घ्यावी. थकलेला हात दाब वर देण्याऐवजी नकळत खाली ओढू लागतो.

### ५. लपलेल्या स्क्रूंची काच

स्क्रू सापडले की ते नेमके काय धरून आहेत, हा पहिला प्रश्न. काच धरणारा स्क्रू आडवा असतो: कडीच्या बाहेरून आत शिरतो आणि त्याचे टोक काचेच्या मानेकडे, तिच्या बाहेर आलेल्या ओठाखाली जाते. बैठक छताला धरणारे स्क्रू मात्र बहुधा सरळ वरच्या दिशेने, छतात किंवा छतातल्या पट्टीत गेलेले असतात. शंका असेल, तर एका हाताने काच वर उचलून धरून तो स्क्रू फक्त अर्धा फेरा सोडवावा. काचेची डुगडुग वाढली, तर स्क्रू बरोबर आहे. बैठक छतापासून सुटू लागली, तर तो तत्काळ परत आवळावा.

डोके नसलेला, कडीच्या छिद्रात बुडालेला बारीक स्क्रू असेल, तर त्याला ग्रब स्क्रू म्हणतात आणि तो अॅलन कीने फिरतो. छिद्रातला रंग आधी सुईने किंवा टाचणीने पूर्ण उकरून काढावा. की तळापर्यंत बसली नाही आणि तशीच फिरवली, तर आतले सहा कोपरे गोल होतात आणि मग तो स्क्रू कशानेच निघत नाही. संचातली जी सर्वात मोठी की आत बसते, तीच योग्य. सैल बसणारी धाकटी की वापरू नये.

तीन स्क्रूंच्या काचेत चूक होते ती क्रमाची. एक स्क्रू पूर्ण काढायचा, मग दुसरा, असे केले की काच एका बाजूने कलते, तिची मान उरलेल्या स्क्रूच्या टोकावर सगळा भार टाकते आणि तिथेच टवका उडतो. त्याऐवजी असे करावे:

(क) डाव्या तळहाताने काच मध्यावर पेलून थोडी वर उचलावी. भार निघाला की स्क्रू बोटांनीही फिरतात; उचलल्यावरही जोर लागत असेल, तर स्क्रू गंजलेला किंवा रंगलेला आहे.

(ख) तिन्ही स्क्रू पाळीपाळीने दोन-दोन फेरे सैल करावेत. एकही बाहेर काढू नये. काढलेला स्क्रू खाली पडतो आणि परत बसवताना एका हाताने काच धरून दुसऱ्या हाताने बारीक आटे जुळवणे फार त्रासाचे होते.

(ग) आता शिडीवर आपल्या सर्वात जवळचा एकच स्क्रू आणखी मागे घ्यावा, इतका की त्याचे टोक कडीच्या आतल्या बाजूला बोटाला लागणार नाही.

(घ) काचेची त्या स्क्रूकडची बाजू खाली झुकवावी आणि काच आपल्याकडे सरकवून उरलेल्या दोन टोकांवरून अलगद काढून घ्यावी. कानांच्या काचेला तिरपे करणे घातक असते, पण इथे थोडे तिरपे करूनच ती बाहेर येते.

गंजलेल्या स्क्रूवर काडीच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकच थेंब आट्यांवर द्यावा, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि उरलेले तेल पुसून घ्यावे. मग तो आधी किंचित आवळून नंतर सोडवावा. आवळताना होणाऱ्या त्या कणभर हालचालीने गंजाचा थर तुटतो.

इशारा: काच अजून वर असताना तिन्ही स्क्रू पूर्ण मागे घेऊन "आता काढतो" म्हणून शिडी सरकवायला खाली उतरू नये. स्क्रूंच्या टोकांवरून सुटलेली काच केवळ रंगाच्या किंवा धुळीच्या चिकटीवर लटकलेली असू शकते.

### ६. दोन्ही एकत्र: एका दिव्याची गोष्ट

जिन्याच्या वळणावरचा एक दिवा मी स्वतः दोनदा चुकीच्या पद्धतीने काढायला गेलो होतो. अठ्ठावीस सेंटीमीटरची दुधी काच, भोवती पांढरी धातूची कडी, खालून एकही स्क्रू दिसत नव्हता. वर दाबल्यावर काच दोन मिलिमीटर उचलली जात होती, म्हणजे फिरवून निघणारी. फिरवली, तर कड जेमतेम एक सेंटीमीटर सरकून टक्क थांबायची, दोन्ही दिशांना तशीच. मी रंग कापला, ऊब दिली, रबराची चकती लावून जोर वाढवला; फरक शून्य.

तो टक्क आवाजच उत्तर होते, पण मी ते ऐकत नव्हतो. चिकटलेली काच मऊ अडते आणि दोन्ही दिशांना सारख्याच अंतरावर थांबत नाही. शेवटी फोन छताला लावून व्हिडिओ घेतला, तेव्हा कडीच्या वरच्या काठावर, छताकडे तोंड करून, रंगाने भरलेली बारीक खळी दिसली. सुईने रंग उकरल्यावर आत षटकोनी भोक निघाले. हा एकच ग्रब स्क्रू कडी आपोआप फिरू नये म्हणून कुलपासारखा बसवलेला होता. त्याचे टोक बैठकीतल्या एका रुंद खाचेत शिरलेले होते आणि त्या खाचेत कडीला जेवढी मोकळीक होती, तेवढेच ते एक सेंटीमीटर. दोन मिलिमीटरची की बसली, दोन फेरे मागे घेतले, काच वर दाबून उलट फिरवली, आणि साधारण पाच सेंटीमीटरवर ती हातात आली.

खाली आणल्यावर खाचेच्या दोन्ही टोकांना धातू उजळून चकाकत असलेला दिसला. माझ्या आधीच्या जोराच्या त्या खुणा होत्या. काच वाचली ती केवळ जोर कडीवर लागला म्हणून. मी घुमट धरून तेवढाच पीळ दिला असता, तर काच कडीतून निखळली असती.

तेव्हा ठाम अडणारी काच भेटली की कडीच्या बाहेरच्या, खालच्या आणि छताकडच्या अशा तिन्ही बाजू तपासाव्यात आणि स्क्रू सापडेपर्यंत फिरवणे थांबवावे. कुलपाचा स्क्रू सहसा एकच असतो, त्यामुळे तीन सारख्या अंतरांवर शोधत बसलो तर तो निसटतो.

### ७. परत बसवताना

धुतलेली काच पूर्ण कोरडी झाल्यावरच वर न्यावी. कडीत अडकलेले पाणी नंतर घुमटात उतरून दिव्याच्या आतच राहते, म्हणून काच कडेवर उभी करून निथळू द्यावी. काच गरम पाण्याखालून काढून थंड पाण्याखाली धरू नये.

कानांची काच बसवताना चिकटपट्टीच्या खुणा बघून ती सुटली होती त्याच कोनात वर न्यावी, दाबावी, काट्याच्या दिशेने फिरवावी आणि दाब सोडावा. सोडल्यावर ती किंचित खाली येऊन खळगीत बसली पाहिजे. मग एक हात खाली ठेवून दुसऱ्या हाताने न दाबता उलट फिरवून पाहावे: फिरली, तर कान खळगीत बसलेले नाहीत आणि पुन्हा सुरुवात करावी. कुलपाचा स्क्रू असेल, तर तो शेवटी, हलक्या हाताने लावावा.

तीन स्क्रूंच्या काचेत स्क्रू पाळीपाळीने टेकवावेत आणि टेकल्यावर पाव फेरा मागे घ्यावेत. काच हाताने जराशी डुगडुगली पाहिजे. घट्ट आवळलेली काच त्या दिवशी नव्हे, तर काही दिवसांनी, दिवा तापल्यावर मानेपाशी तडकते, आणि मग दोष काचेला दिला जातो. तिन्ही टोके ओठाखाली गेली आहेत का, हे फोनच्या व्हिडिओने एकदा बघून घ्यावे. एखादे टोक ओठावर दाबले गेले असेल, तर काच बसल्यासारखी वाटते, पण दोनच स्क्रूंवर लटकलेली असते.

त्यानंतर चिकटपट्ट्या काढाव्यात, शिडी बाजूला घ्यावी आणि मगच एमसीबी वर करावा. दिवा अर्धा तास चालू ठेवून तो गरम झाल्यावर काचेचा किंवा कडीचा टिक-टिक आवाज येतो का, ते ऐकावे. एखाद-दुसरी टिक धातूच्या प्रसरणाची असते. आवाज येतच राहिला, तर दिवा बंद करून, थंड होऊ देऊन तिन्ही स्क्रू आणखी पाव फेरा सैल करावेत.